रबरबँडची गिटार वरचा सूर का देत नाही?

चार वर्षांच्या मुलासोबत रिकाम्या खोक्याची गिटार करताना बहुतेक जण एकच युक्ती करतात: वरचा सूर हवा, तर रबरबँड जास्त ताणायचा. गिटारची तार पिळली की सूर चढतो, मग रबराचाही चढेल, हा तर्क बरोबर वाटतो. पण रबर इथे दाद देत नाही. एक रबरबँड दोन बोटांत धरून मुलाला छेडायला सांगा आणि हळूहळू लांबवत जा. ताण वाढलेला बोटांना स्पष्ट कळतो, सूर मात्र जवळपास तिथल्या तिथेच घुटमळतो.

याचं कारण असं. ताण वाढला की कंपनं जलद होतात, म्हणजे सूर चढतो. पण कंप पावणारा भाग लांब झाला की कंपनं मंदावतात आणि सूर उतरतो. तार पिळताना तिची वाजणारी लांबी तेवढीच राहते, म्हणून नुसता ताणाचा परिणाम ऐकू येतो. मोकळा रबरबँड ताणताना मात्र ताण आणि लांबी दोन्ही एकदम वाढतात. रबर पातळ होतो, त्यामुळे सूर थोडा चढायला मदत होते, तरी लांबी बरंचसं खाऊन टाकते. ८ सेंटीमीटरचा रबरबँड आधी १६ आणि मग २४ सेंटीमीटरपर्यंत ताणला, तर आदर्श स्प्रिंगच्या हिशोबाने ताण दुप्पट होतो, पण सूर ‘सा’वरून ‘रे’च्या जरासा पुढे, एवढाच सरकतो. खरा रबर स्प्रिंगइतका शिस्तीत वागत नाही, पण कानाला साधारण हेच ऐकू येतं.

म्हणून गिटार करताना ताणाच्या मागे न लागता वाजणारी लांबी बदलावी. साधारण ३० सेंटीमीटर लांबीचं पुठ्ठ्याचं खोकं घ्या. वरच्या बाजूला मधोमध तळहाताएवढं भोक कापा. कापायचं काम मोठ्यांचं. खोक्याभोवती लांबीच्या दिशेने तीन-चार मोठे रबरबँड चढवा आणि त्यांच्याखाली दोन्ही टोकांना एकेक पेन्सिल आडवी सरकवा, दोघींमध्ये २४ सेंटीमीटर अंतर ठेवून. ही झाली घोडी. ती नसेल तर रबर पुठ्ठ्याला घासून नुसता ‘थप’ असा आवाज येतो. शिवाय रबराची थरथर खोक्याच्या पृष्ठभागात पोचते ती तिच्यातूनच. बारीक रबर स्वतः फारच थोडी हवा हलवतो. मोठा आवाज येतो तो खोक्याचा पृष्ठभाग आणि आतली हवा हलल्यामुळे.

आता तिसरी पेन्सिल रबराखाली सरकवा आणि तिच्या एकाच बाजूचा रबर छेडा. २४ सेंटीमीटरच्या पूर्ण लांबीचा सूर ‘सा’ मानला, तर १८ सेंटीमीटरवर ‘म’, १६ वर ‘प’ आणि १२ वर वरचा ‘सा’ मिळतो. सूर बेसूर वाटला तर बहुधा रबर पेन्सिलीला चिकटून एका बाजूला जास्त ताणला गेलेला असतो. दर वेळी पेन्सिल सरकवल्यावर रबर किंचित उचलून सोडला, की दोन्ही बाजूंचा ताण सारखा होतो. या जागा खोक्यावर रंगीत पट्ट्यांनी दाखवल्या, तर अक्षरं न वाचणारं मूलही त्या शोधून वाजवतं. जाड रबर बारीक रबरापेक्षा सहसा खर्जात बोलतो, म्हणून निरनिराळ्या जाडीचे रबर घ्यावेत.

ड्रमसाठी कडा बोथट असलेल्या डब्याच्या तोंडावर मोठ्या फुग्याचा कापलेला तुकडा ताणून रबरबँडने बांधा. पडद्यावर चिमूटभर मीठ टाकून टिचकी मारली, की कण उडतात आणि मुलाला थरथर डोळ्यांनी दिसते. खुळखुळ्याची बाटली एक तृतीयांशच भरा. दाणे ठासून भरले तर त्यांना आपटायला जागाच उरत नाही. झाकण गोंदाने चिकटवून वर टेप लावा. दाणे आणि फुग्याचे तुकडे लहान मुलांच्या घशात अडकू शकतात, म्हणून घरात तीन वर्षांखालचं भावंड असेल तर ते त्याच्या हाती लागू देऊ नका. रबरबँड छेडताना मुलाने तोंड वर धरावं, खोक्यावर वाकू नये. तुटलेला रबर डोळ्याला लागतो.

बँडमध्ये मुलाकडे खुळखुळा किंवा ड्रम द्यावा आणि मोठ्याने गिटार धरावी, असं मला वाटतं. ठेका मोबाइलवर लावण्यापेक्षा समोर बसून वाजवावा. २००९ मध्ये सेबास्टियन किर्शनर आणि मायकल टोमासेलो यांनी अडीच ते साडेचार वर्षांच्या मुलांना ड्रम वाजवायला दिला, तेव्हा यंत्राच्या ठेक्यापेक्षा समोर बसलेल्या माणसाबरोबर त्यांचा ठेका जास्त जुळला. एवढ्या लहान मुलांची स्वतःची लय मोठ्यांपेक्षा जलद असते. आपण संथ वाजवू लागलो की ती पुढे पळतात. अशा वेळी त्यांना थांबवू नये, आपणच त्यांच्या चालीवर यावं आणि एकदा जुळलं की हळूहळू वेग कमी करावा. सुरुवातीला दोन ठोके आणि मग सगळ्यांनी गप्प, एवढाच खेळ पुरे. पुढचा ठोका मारायच्या आधी मूल आपल्या हाताकडे बघायला लागलं, की गिटारचा ‘सा’ आणि ‘प’ त्यात मिसळायला हरकत नाही.