‘औषध घेतलं होतं’ कुठे लिहायचं?

मनोविकार विभागातला निवासी डॉक्टर रुग्णाशी बोलून झाल्यावर फोनवर नोंद बोलून ठेवतो. समजा, ती अशी आहे:

‘वय ४२, शेतकरी, बायकोसोबत आला. दाढी वाढलेली, नजर जमिनीकडे. बोलतो हळू, उत्तराआधी थांबतो. तीन आठवडे झोप नाही. म्हणतो, कशातच जीव रमत नाही. मरून जावंसं वाटतं, पण करणार काही नाही. बायको सांगते, मागच्या वर्षी औषध घेतलं होतं. फवारणीचं औषध घरातच असतं.’

ही नोंद ऐकून टंकलेखकाला मनःस्थिती तपासणी, म्हणजे भेटीच्या वेळी रुग्ण कसा होता तो भाग, लिहायचा असेल, तर एकच चाळणी लावायची: हे भेटीच्या वेळी दिसलं किंवा ऐकू आलं का? दाढी आणि नजर ‘रूप व वर्तन’मध्ये जातात, हळू बोलणं ‘वाचा’मध्ये. ‘कशातच जीव रमत नाही’ हे मूडखाली, त्याच्याच शब्दांत, अवतरणात. त्याचं ‘उदास’ करून टाकण्याचा मोह होतो, पण तो शब्द रुग्णाचा नाही. चेहऱ्यावर डॉक्टरला काय दिसलं ते वेगळं, अफेक्टखाली. इथे ते सांगितलंच नाही, म्हणून रकाना ‘नोंद नाही’. भासांबद्दलही तेच. विचारलंच नसेल तिथे ‘भास नाहीत’ लिहिणं म्हणजे न केलेली तपासणी केल्याचं दाखवणं. तीन आठवडे झोप नसणं मात्र इतिहासात जातं, कारण ते भेटीआधीचं आहे, भेटीत दिसलेलं नाही.

आता ‘औषध घेतलं होतं’. शहरात वाढलेला टंकलेखक ते बिनदिक्कत ‘पूर्वीचे उपचार’खाली टाकेल. गावाकडे याच वाक्याचा अर्थ विष प्यायला असाही होतो. कुठला अर्थ, हे डॉक्टरला विचारूनच ठरवावं लागतं.

विचारल्यावर कळलं, कीटकनाशकच होतं. ही गोष्ट मनःस्थिती तपासणीत बसत नाही. ती आजची नाही आणि सांगितली बायकोने. म्हणूनच धोक्याचं मूल्यमापन वेगळं लागतं. तिथे इतिहास, आजचं बोलणं आणि घरची परिस्थिती एकत्र येतात: मरणाची इच्छा आहे, ‘करणार नाही’ असं तो स्वतः म्हणतो, मागच्या वर्षी प्रयत्न झाला (माहिती पत्नीची), साधन हाताशी आहे. योजना आखली आहे का, हे विचारलेलं नाही. तेही तसंच लिहायचं, म्हणजे पुढचा डॉक्टर विचारेल.

मराठीत आणखी एक घोळ आहे. आपला नकार वाक्याच्या शेवटी येतो. ‘करणार काही नाही’मधला शेवटचा शब्द पंख्याच्या आवाजात बुडाला, की उरतं ‘करणार काही’. उलटही घडतं. त्यामुळे धोक्याच्या भागातला प्रत्येक ‘नाही’ ध्वनिफीत पुन्हा ऐकून तपासावा.

शेवटी नुसतं ‘मध्यम धोका’ लिहिलं तर रात्रपाळीच्या डॉक्टरला काहीच कळत नाही. कीटकनाशक आजच घराबाहेर कोण नेणार, रात्री सोबत कोण असणार, पुढची भेट कधी, आणि हे मूल्यमापन कुठल्या तारखेचं, किती वाजताचं, एवढं त्या खाली हवं.