पार्श्वभूमी : 6.5 चा आकडा आणि आरओसी वक्र

सांगली-मिरजेकडच्या वैद्यकीय प्रबंधांत एचबीएवनसीचा, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणाऱ्या रक्ततपासणीचा, आरओसी वक्र नेहमी दिसतो. सीमा वरखाली केली की ती तपासणी किती मधुमेही पकडते आणि किती निरोगी उगाच अडकवते, ते हा वक्र दाखवतो. त्यातून मधुमेहाच्या निदानासाठी 6.5 टक्क्यांपेक्षा खालचा कट-ऑफ निघतो आणि मग 6.5 हा आकडा आपल्या लोकांसाठी चुकीचा आहे, असा निष्कर्ष येतो. हा वाद समजण्यासाठी 6.5 कुठून आला, ते पाहावं लागतं.

वक्राचं मूळ दुसऱ्या महायुद्धातल्या रडारमध्ये आहे. पडद्यावरचा ठिपका विमान की नुसता गोंगाट, हे ठरवणाऱ्यांची पारख मोजण्यासाठी त्या काळात ही पद्धत घडत गेली आणि पुढे क्ष-किरण चित्रं वाचणाऱ्यांनी ती उचलली. आजारी बरोबर पकडण्याचं प्रमाण ही संवेदनशीलता, निरोगी बरोबर ओळखण्याचं प्रमाण ही विशिष्टता. संवेदनशीलता अधिक विशिष्टता वजा एक, हा यूडेन निर्देशांक 1950 चा. आज बहुतेक प्रबंधांत ‘सर्वोत्तम कट-ऑफ’ म्हणून छापला जातो तो याच निर्देशांकाचा सर्वांत वरचा बिंदू.

मधुमेहाचे आकडे मात्र वेगळ्या वाटेनं आले. उपाशीपोटीची सीमा आधी 140 मिलिग्रॅम होती, ती 1997 मध्ये 126 झाली. त्यावेळी पाहिलेल्या मुख्य आधारांपैकी एक होता डोळ्याचा पडदा : साखर कितीच्या पुढे गेली की मधुमेहाची दृष्टिपटल-विकृती दिसू लागते? 2009 मध्ये तज्ज्ञ समितीनं एचबीएवनसीसाठी 6.5 सुचवलं, तेही प्रामुख्यानं याच आधारावर. पुढे 2011 मध्ये जागतिक पातळीवर ते मान्य झालं, पण 6.5 च्या खाली आलं म्हणून ग्लुकोजच्या तपासणीतून होणारं निदान रद्द ठरत नाही, ही पुस्तीही सोबत होती. वादात ही पुस्ती जवळजवळ कोणी वाचत नाही.

प्रबंधात आपण करतो ते वेगळं. 75 ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी घेतलेली साखर हा निकष धरतो आणि एचबीएवनसी त्याच्याशी ताडून पाहतो. हिशेबापुरतं उदाहरण घेऊ. जत तालुक्यातल्या शिबिरात 200 जण आले. ग्लुकोजच्या निकषानं 40 मधुमेही, 160 नाहीत. 6.5 ला 26 मधुमेही सापडतात आणि 8 निरोगी उगाच अडकतात. 6.1 ला 34 आणि 24. 5.7 ला 38 आणि 64. आडव्या अक्षावर निरोगींपैकी अडकलेल्यांचा भाग (0.05, 0.15, 0.40) आणि उभ्यावर सापडलेल्या मधुमेहींचा (0.65, 0.85, 0.95) मांडा. दोन्ही टोकं धरून बिंदू जोडले की वक्राखालचं क्षेत्रफळ 0.90 भरतं. यूडेन निर्देशांक 0.60, 0.70 आणि 0.55. म्हणजे 6.1 जिंकलं.

पण कशात जिंकलं? यूडेन निर्देशांक मधुमेही सुटणं आणि निरोगी माणूस अडकणं या दोन्ही चुकांना एकच वजन देतो, आणि गावात मधुमेह किती पसरलाय हे पाहतच नाही. शिबिरात पाचातला एक मधुमेही होता, कारण शंका असलेलेच आले होते. हाच कट-ऑफ घरोघरी लावला आणि तिथं 1000 माणसांत 100 मधुमेही असले, तर 6.1 ला 85 सापडतात आणि 135 निरोगी अडकतात. 6.5 ला 65 सापडतात, 45 अडकतात. ज्याला पुढे पक्की तपासणी करून घ्यायची आहे त्याला 6.1 चालेल. पण ज्याच्या कागदावर ‘मधुमेह’ लिहून औषध सुरू होणार आहे, त्याच्यासाठी हा आकडा माझ्या मते धोक्याचा आहे, कारण तिथं अडकलेले सापडलेल्यांहून जास्त आहेत. आपल्याकडच्या सरकारी तपासणीत बोटातून घेतलेली साखर 140 च्या पुढे गेली की माणसाला पुढे पाठवतात. ती सीमा चाळणीची आहे, निदानाची नाही, आणि हा फरक प्रबंधांत अनेकदा पुसला जातो.

आणखी एक अडचण रक्तक्षयाची. लोहाच्या कमतरतेनं एचबीएवनसी खोटं वर सरकतं. शिबिरात अशा बायका बऱ्याच असल्या आणि हिमोग्लोबिन पाहिलंच नाही, तर 6.1 च्या वर अडकलेल्यांतल्या काहींचं कारण साखर नसतं.

शेवटचं, आणि माझ्या मते सर्वांत मोठं : ग्लुकोज पाजण्याची तपासणी कोणाची झाली? खर्च आणि दोन तासांचा वेळ वाचवायला ती फक्त संशयितांची केली, तर सुटलेले मधुमेही मोजणीत येतच नाहीत आणि संवेदनशीलता फुगते. साफ वाटलेल्यांपैकीही निदान काही जणांची चिठ्ठ्या टाकून निवड करावी, त्यांना ग्लुकोज पाजावं आणि त्यांचं वजन हिशेबात वाढवून धरावं. हे झालं की नाही, ते पद्धतीच्या परिच्छेदात शोधायचं. ते तिथं नसेल, तर कट-ऑफचा आकडा तपासण्याइतकाही पाया त्या वक्राला नसतो.