हेतेर इस्का

हेतेर इस्का : एका ज्यूने दुसऱ्या ज्यूकडून व्याज घेणे वा त्याला व्याज देणे ज्यू धर्मशास्त्रात निषिद्ध आहे. हा निषेध न मोडता भांडवल देता-घेता यावे म्हणून कर्जाला भागीदारीचे रूप देणारा लेखी करार. निषेधाची मूळ वचने बायबलमधील निर्गम, लेवीय व अनुवाद या ग्रंथांत असून त्यांची सविस्तर चर्चा तालमूद या ज्यू धर्मशास्त्रग्रंथाच्या ‘बाबा मेत्सिया’ या भागात आढळते. दिलेल्या रकमेचा अर्धा भाग कर्ज व अर्धा ठेव मानावा, ही कल्पनाही तेथलीच.

कराराचा प्रचलित मसुदा परंपरेने क्राकूचे रब्बी मेनाहेम मेंडेल (सोळाव्या शतकाचा उत्तरार्ध) यांच्या नावे सांगितला जातो. मात्र याच धर्तीच्या अटी पंधराव्या शतकातील रब्बी इस्रायल इसरलाइन यांच्या निर्णयसंग्रहातही दिसतात. त्यामुळे मेंडेल यांना जनक म्हणण्यापेक्षा मसुद्याला स्थिर रूप देणारे म्हणणे अधिक सयुक्तिक ठरते. पोलंडमध्ये १६०७ च्या सुमारास जोशुआ फाल्क यांनी या विषयावर केलेल्या नियमावलीमुळे त्याचा प्रसार वाढला असावा.

समजा, १,००,००० शेकेल एका वर्षासाठी दिले. त्यातील ५०,००० कर्ज, त्यांवर व्याज नाही. उरलेले ५०,००० ठेव, तिचा नफा-तोटा देणाऱ्याचा. ठेव सांभाळण्याच्या श्रमाबद्दल घेणाऱ्याला थोडा का होईना, मोबदला द्यावाच लागतो. नाहीतर ते फुकटचे श्रमच व्याज ठरतात. देणाऱ्याला ६,००० हवे असतील, तर धंद्यात एकूण १२,००० नफा झाला असे गृहीत धरले जाते. नफा कमी झाल्याचे घेणाऱ्याने शपथेवर सांगावे, तोटा मात्र दोन विश्वासार्ह साक्षीदारांनी सिद्ध करावा. ठरलेले ६,००० दिले की शपथेतून सुटका होते आणि वरचा सगळा नफा घेणाऱ्याकडे राहतो. साक्षीदारांची अट इतकी कडक की व्यवहारात बहुतेक जण ठरलेली रक्कमच देतात. कराराची खरी मेख येथेच आहे.

इस्रायलमधील बँकांनी आपल्या सर्व व्यवहारांना लागू होणारा एकच सर्वसाधारण करार केलेला असतो आणि त्याची प्रत शाखेत लावलेली आढळते. लग्नखर्चासाठी घेतलेल्या कर्जात मात्र अडचण येते, कारण तेथे पैसा कोणत्याही धंद्यात जात नाही. घेणाऱ्याच्या इतर उत्पन्नदायी मालमत्तेतील वाटा देणाऱ्याला मिळाला, असे मानून काही शास्त्री यातून वाट काढतात. अशी मालमत्ताच नसेल तर करार पोकळ ठरतो, हा आक्षेप अधिक वजनदार वाटतो. मर्यादित दायित्वाच्या कंपनीने घेतलेल्या कर्जाबाबत रब्बी मोशे फाइनस्टाइन यांनी वेगळी भूमिका घेतली : फेडीसाठी कोणीही व्यक्तिशः बांधील नसल्याने तेथे निषेध लागत नाही. ती सर्वमान्य नाही.