खुराक कधी आवरायचा? टेप आणि वहीची साक्ष

बेळगाव, खानापूर, निपाणीकडे अंग कमावायला निघालेल्या पोराला खुराक कसा वाढवायचा हे सांगणारे शंभर जण भेटतात. म्हशीचं दूध, अंडी, केळी, शेंगदाणे, तालमीतली थंडाई, सगळं ठरलेलं असतं. हा खुराक आवरता कधी घ्यायचा, हे मात्र कुणी सांगत नाही. मग गणपतीनंतर सुरू झालेलं बल्किंग, म्हणजे अंग भरायला जादा खाणं, पुढच्या पावसाळ्यापर्यंत रेटलं जातं, आणि छातीच्या दोन इंचांसाठी पोटावर चार इंच चढतात.

हा निर्णय आरशावर सोडू नये. पोट रोज थोडं थोडं सुटतं आणि डोळ्यांना त्याची सवय होते. वजनकाटाही अर्धवट बोलतो, कारण वाढलेल्या किलोत मांस किती आणि चरबी किती हे त्याला कळत नाही. त्यापेक्षा कमरेचा घेर आणि ताकद वाढण्याचा वेग या दोन गोष्टी शेजारी ठेवून वाचाव्या. एकेकटी पाहिली तर दोन्हीही फसवतात.

आधी शरीरात काय चालतं ते पाहू. व्यायामाने स्नायूला ताण मिळतो आणि त्या प्रमाणात तो वाढतो. जास्तीचं खाणं त्या वाढीला माल पुरवतं, पण वाढीचा वेग खाण्यावर नाही, ताणावर आणि तुमच्या तालमीच्या वयावर ठरतो. नवखा भराभर वाढतो, वर्ष-दीड वर्ष झालं की वेग मंदावतो. खुराक तेवढाच राहिला तर उरलेल्या कॅलरींना चरबीशिवाय दुसरी जागा नसते. एरिक हेल्म्स आणि सहकाऱ्यांनी २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका छोट्या प्रयोगात, व्यायामात मुरलेल्या लोकांना गरजेइतकं, ५ टक्के जास्त आणि १५ टक्के जास्त असं खायला सांगितलं होतं. ज्यांचं वजन वेगाने वाढलं त्यांच्या कातडीखालची चरबीच प्रामुख्याने जास्त वाढली. ताकदीत आणि स्नायूंच्या जाडीत म्हणावा तसा जादा फायदा दिसला नाही.

आपल्याकडे कमरेकडे लक्ष ठेवायला आणखी एक कारण आहे. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचाच फोटो छापला होता. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, सारखाच, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. भारतीय शरीर बारीक दिसतानाही चरबी साठवतं, आणि तिचा बराच भाग पोटात जातो. म्हणून भारतीय पुरुषांसाठी कमरेची धोक्याची रेषा ९० सेंटिमीटर आणि बायकांसाठी ८० मानतात. उंचीच्या निम्म्यापेक्षा कंबर कमी ठेवावी हा आणखी सोपा हिशेब. ही झाली शेवटची भिंत. बल्किंग थांबवण्याची वेळ बहुतेकदा त्याच्या बरीच आधी येते.

कंबर मोजण्यातच निम्मी चूक होते. पँटीचा नंबर हे माप नव्हे. पँट बेंबीच्या खाली बसते, आणि ३२ नंबरची पँट प्रत्यक्ष ३२ इंच असतेच असं नाही. सकाळी शौचाला जाऊन आल्यावर, काही खाण्यापिण्याआधी, उघड्या अंगावर बेंबीच्या रेषेत टेप फिरवा. मागच्या बाजूने टेप खाली घसरत नाही ना, हे आरशात पाहा. श्वास सहज सोडा, पोट आत ओढू नका, टेप कातडीला टेकेल पण रुतणार नाही एवढाच धरा. घरातली जुनी शिलाईची टेप ताणून लांब झालेली असते. ती एकदा स्टीलच्या पट्टीवर ठेवून तपासा. आठवड्यात तीन सकाळी मोजून सरासरी लिहा. एवढं करूनही अर्ध्या सेंटिमीटरची चूक राहतेच, म्हणून एका आठवड्याच्या आकड्यावरून काही ठरवायचं नाही. जत्रेचं मटण आणि खारट रस्सा झाला की दुसऱ्या दिवशी कंबर एक सेंटिमीटरने फुगलेली दिसेल. ती चरबी नाही. बायकांनी पाळीच्या त्याच टप्प्यातली मापं एकमेकांशी ताडावी.

ताकदीची नोंद वहीत ठेवायची. रोज जास्तीत जास्त वजन उचलून पाहायची गरज नाही. एका वेळी जास्तीत जास्त किती उचलता येईल याचा अंदाज नेहमीच्या सेटवरूनच काढता येतो, म्हणजे एका दमात वजन जितक्या वेळा उचललं त्या रेपवरून. त्यासाठी एपलीचं सूत्र पुरतं: उचललेलं वजन × (१ + रेप ÷ ३०). ८० किलोचे ६ रेप म्हणजे ८० × १.२ = ९६ किलो. याचा आणखी एक फायदा आहे. आपल्या बऱ्याच जिममध्ये सव्वा किलोच्या प्लेटा सापडत नाहीत आणि वजन एकदम पाच किलोने वाढवावं लागतं. मधल्या आठवड्यांत फक्त रेप वाढले तरी सूत्रात ती प्रगती दिसते. अट एवढीच की बैठक तेवढीच खोल, दोन सेटमधली विश्रांती तेवढीच, आणि दहापेक्षा कमी रेपचा सेट. त्यापुढे हे सूत्र भरकटतं.

स्क्वॅट, म्हणजे वजन घेऊन मारलेली बैठक, आणि बेंच प्रेस पोटाच्या बाजूने खोटं बोलतात. पोट सुटलं की स्क्वॅटच्या तळाशी ते मांडीला टेकतं, पट्ट्याला दाबायला भरीव काही मिळतं. छाती-पाठीवर थर चढला की बेंचवर दांड्याला अंतर कमी पडतं. आकडा वाढतो, स्नायू तेवढा वाढलेला नसतो. पुलअपमध्ये ही लबाडी चालत नाही, कारण वाढलेलं प्रत्येक किलो स्वतःलाच वर ओढावं लागतं. तिथे वजनाच्या जागी शरीराचं वजन घालून तेच सूत्र वापरा. वहीत निदान एक बैठकीचा आणि एक पुलअपचा आकडा असावा.

आता एक हिशेब करून पाहू. समजा, खानापूर तालुक्यातला एक तरुण आहे, उंची १७२ सेंटिमीटर, वर्षभर नियमित व्यायाम. ऑक्टोबरच्या सुरुवातीला वजन ६४ किलो, कंबर ७६. पहिल्या चार आठवड्यांत वजन ६५.३ आणि कंबर ७६.८ झाली. हा पहिला महिना हिशेबात धरायचा नाही. जास्त भात-भाकरी खाल्ली की स्नायूंत साखर आणि तिच्याबरोबर पाणी साठतं, आतड्यातही जास्त अन्न असतं, वर दिवाळीचा फराळ. क्रिएटिनची पावडर सुरू केली असेल तर आणखी किलो-दीड किलो पाणी. खरं मोजमाप इथून पुढे.

चौथ्या ते बाराव्या आठवड्यात वजन ६७.६ वर गेलं, कंबर ७७.८ वर. म्हणजे २.३ किलोला एक सेंटिमीटर, किलोमागे साधारण ०.४. बैठकीचा अंदाज १०२ वरून ११४ किलोवर गेला. पुलअप ८ चे ९ झाले, तेही वाढलेल्या वजनासह, म्हणजे सूत्राने ८३ वरून ८८. हा काळ उत्तम. कुणी कितीही टोकलं तरी इथे थांबायचं कारण नाही.

बाराव्या ते सोळाव्या आठवड्यात वजन ६९, कंबर ७९. १.४ किलोला १.२ सेंटिमीटर. बैठक जेमतेम ११७. ही पहिली घंटा. एवढ्यावर बल्किंग बंद करू नये, आधी ताकद का अडली ते शोधावं. ऊसतोडीच्या दिवसांत शेतावर राबणं, रात्रपाळी, अपुरी झोप, सलग तीन महिने जड व्यायाम, यांतलं काहीही असू शकतं. एक आठवडा वजनं आणि सेट निम्म्यावर आणायचे, झोप पुरी करायची, आणि पुन्हा पाहायचं. आपल्या तरुणाने तेच केलं.

विसाव्या आठवड्यात वजन ७०.४, कंबर ८०.६. बैठक ११७ लाच अडलेली. पुलअप पुन्हा ८, सूत्राने ८९. बाराव्या आठवड्यापासून २.८ किलो वजन आलं आणि कंबरही २.८ सेंटिमीटर वाढली, किलोमागे पूर्ण एक. साधारणपणे माणूस नुसता लठ्ठ होतो तेव्हाही कंबर जवळपास याच दराने वाढते. म्हणजे या दोन महिन्यांतल्या वजनात मांसाचा वाटा फारच थोडा. कंबर अजून ८६ च्या, म्हणजे उंचीच्या निम्म्या रेषेच्या, बरीच आत आहे. तरी थांबायची वेळ झाली.

यातून कामचलाऊ कसोटी अशी निघते: सलग दोन चार-आठवडी टप्प्यांत किलोमागे कंबर ०.७ सेंटिमीटरपेक्षा जास्त वाढली, आणि त्याच काळात बैठक व पुलअप दोन्ही जवळपास जागेवर राहिले, तर बंद. हा ०.७ प्रयोगशाळेत सिद्ध झालेला आकडा नाही, टेपची चूक धरून ठेवलेली सोयीची रेषा आहे. दोन्हींपैकी एकच बिघडलं तर उपाय वेगळा. ताकद जोरात वाढतेय पण कंबरही धावतेय, तर व्यायाम ठीक आहे आणि ताट जड आहे. पाव लिटर म्हशीच्या दुधात साधारण अडीचशे कॅलरी असतात. तेवढा एक पेला कमी केला तरी फरक दिसतो. ताकद अडली आहे आणि वजन-कंबरही हलत नाही, तर खुराक कमी पडतोय. तिथे बल्किंग संपवणं उलट नुकसानीचं.

पोट सुटलं की स्नायू बनणंच थांबतं, असं जिममध्ये छातीठोकपणे सांगतात. त्याला भक्कम पुरावा नाही. थांबायचं कारण साधं आहे, पुढे फेडावं लागणारं कर्ज. शेवटच्या २.८ किलोत दोन किलो चरबी धरली, तर एक किलो चरबीला ७,७०० या हिशेबाने १५,४०० कॅलरी होतात. रोज ४०० कमी खाल्ल्या तर ती उतरवायला अडतीस-एकोणचाळीस दिवस लागतात. आणखी दोन महिने तसंच रेटलं तर हा आकडा दुप्पट, आणि तेवढ्या दिवसांत नवीन मांस चढवण्याची संधीही जाते.

थांबायचं म्हणजे दुसऱ्या दिवशी उपाशी राहायचं नाही. पहिले दोन-तीन आठवडे फक्त जादाचा खुराक, रोजच्या अडीचशे-तीनशे कॅलरी, काढायच्या. दूध, शेंगदाणे, तेल यांतून काढा. अंडी, डाळ, मासे तसेच राहू द्या, शरीराच्या दर किलोला साधारण १.६ ग्रॅम प्रथिनं मिळायला हवीत. बारवरचं वजन कमी करू नका. पाणी आणि आतड्यातला भार उतरून कंबर लगेच सेंटिमीटरभर कमी होईल, त्याला चरबी गेली असं समजू नका. त्यानंतर हवं तर उतरवायला सुरुवात. कंबर पुन्हा ७७-७८ वर आली आणि बैठक ११० च्या वर टिकली, की पुढच्या फेरीला तोच तरुण पहिल्यापेक्षा पाच-सहा किलो जड नाही, पण दोन-तीन किलो भरीव होऊन उभा असेल. वहीत नवी पानं तिथून सुरू करायची.