दोन्ही 'प्लॅन बी' नव्हेत

"कंटिन्जन्सी काय नि फॉलबॅक काय, शेवटी दोन्ही प्लॅन बीच ना?"

नाही. जोखमीसाठी आधीच आखून ठेवायच्या या दोन योजनांमधला फरक स्लॅब भरताना नीट दिसतो. समजा, प्लांटवरून तयार काँक्रीट आणणारी रेडीमिक्सची गाडी दर २० मिनिटांनी येतेय. अंतर ३० वर गेलं, की तो पूर्वइशारा. प्लांटला फोन करायचा, साइटवरचा मिक्सर चालू होतो का पाहायचं, पण काम आहे तसंच चालू ठेवायचं. ट्रिगर म्हणजे आधीच लिहून ठेवलेली रेघ: ४५ मिनिटं गाडी नाही. (मे महिन्यात काँक्रीट लवकर आवळतं, तेव्हा ही रेघ अलीकडे ओढावी.) ती ओलांडली की कंटिन्जन्सी प्लॅन सुरू होतो. मिक्सरवर माल करून भरणं चालू ठेवायचं, म्हणजे कोल्ड जॉइंट, आवळलेल्या आणि नव्या काँक्रीटमधला कच्चा सांधा, पडत नाही.

आता मिक्सरही बंद पडला, तर? फॉलबॅकची वेळ इथे येते. आज पूर्ण स्लॅबचा नाद सोडायचा आणि इंजिनिअरने आधी ठरवून दिलेल्या जागी, सहसा दोन आधारांमधल्या गाळ्याच्या मधल्या तिसऱ्या भागात, उभी फळी लावून थांबायचं. तिथे शिअर, म्हणजे स्लॅब कातरू पाहणारा जोर, कमी असतो. उरलेला भाग नंतर, कडा खरवडून आणि धुऊन.

नेहमीची चूक म्हणजे फॉलबॅक म्हणून दुसरा मिक्सर लिहिणं, तोही त्याच वीजजोडणीवरचा.