खोक्यावरचा आयएमईआय खरा, आतला फोन खोटा

ऑनलाइन मागवलेला फोन दारात आला की काय करायचं, हे आता बऱ्याच जणांना ठाऊक असतं. आयएमईआय म्हणजे फोनचा ओळख क्रमांक. खोक्यावरचा आयएमईआय आणि फोनमधला आयएमईआय जुळवायचा, जुळला की ओटीपी द्यायचा. सल्ला चुकीचा नाही, पण अर्धाच आहे. ‘फर्स्ट कॉपी’ म्हणजे हुबेहूब दिसणारा नकली फोन विकणाऱ्यालाही तो माहीत असतो. खोक्यावर कोणता आकडा छापायचा आणि फोनमध्ये कोणता भरायचा, हे दोन्ही त्याच्याच हातात असतं. मग ते जुळणारच की!

म्हणून हा आकडा नेमकं काय सांगतो आणि काय सांगू शकत नाही, हे आधी बघू. आयएमईआय पंधरा अंकी असतो. पहिले आठ अंक फोनचं मॉडेल सांगतात. ते जीएसएमए या मोबाइल कंपन्यांच्या जागतिक संघटनेच्या व्यवस्थेतून दिले जातात, त्यामुळे एका मॉडेलचा आकडा दुसऱ्या मॉडेलला मिळत नाही. पुढचे सहा अंक त्या एका हँडसेटचा अनुक्रमांक. पंधरावा अंक मात्र कोणी ‘देत’ नाही, तो आधीच्या चौदा अंकांवरून काढलेला असतो. डायल करायच्या जागी `*#06#` टाइप केलं की हा आकडा पडद्यावर येतो. सिम घातलेलं नसलं तरी चालतं, आणि बहुतेक अँड्रॉइड फोनवर सेटअप न करताही इमर्जन्सी कॉलच्या पडद्यावरून तो बघता येतो. काही फोन पंधरा अंकांपुढे तिरकी रेघ देऊन आणखी दोन अंक दाखवतात. ते सॉफ्टवेअरच्या आवृत्तीचे असतात, तपासताना सोडून द्यायचे.

पंधराव्या अंकाचं गणित कागदावर दोन मिनिटांत होतं. उदाहरण म्हणून नेहमी दिला जाणारा हा आकडा घ्या:

```
490154203237518
```

शेवटचा ८ बाजूला ठेवा. उरलेल्या चौदांपैकी डावीकडून दर दुसरा अंक दुप्पट करायचा. ९, १, ४, ०, २, ७, १ यांचे झाले १८, २, ८, ०, ४, १४, २. जिथे दोन अंकी उत्तर आलं तिथे त्यातले अंक मिळवायचे, म्हणजे १८ चे ९ आणि १४ चे ५. या सगळ्यांची बेरीज ३०. दुप्पट न केलेले ४, ०, ५, २, ३, ३, ५ मिळून २२. एकूण ५२. पुढची दहाची पट ६०, तिच्यापर्यंत पोचायला ८ हवेत, आणि शेवटचा अंक ८ च आहे. आकडा नियमात बसला.

ही रीत आयबीएममधल्या हान्स पीटर लून यांची. आपल्या डेबिट कार्डाच्या नंबरातला शेवटचा अंकही तिच्यावरूनच ठरतो. पण तिचा हेतू चोर पकडणं हा नाहीच. माणसानं आकडा लिहिताना एखादा अंक चुकवला तर लक्षात यावं, एवढंच तिचं काम. फोन जेव्हा मोबाइल नेटवर्कला आपली ओळख सांगतो तेव्हा हा पंधरावा अंक पाठवतसुद्धा नाही. मनाला येईल तो पंधरा अंकी आकडा टाकला तर दहात एकदा तो या चाळणीतून सुटतो, आणि ज्याला बेरीज-वजाबाकी येते त्याला दहाही वेळा सोडवता येतो. तरी हे गणित करून बघण्यात अर्थ आहे, कारण आळशी नकलाकार इथेच सापडतात. दोन सिमच्या फोनमध्ये दोन आयएमईआय असतात आणि ते वेगवेगळे असायला हवेत. दोन्ही जागी एकच आकडा दिसला, तर पुढे काही तपासायची गरज नाही.

यापुढची पायरी म्हणजे दूरसंचार विभागाची नोंद. १ जानेवारी २०२३ पासून भारतात विकायच्या प्रत्येक हँडसेटचा आयएमईआय पहिल्या विक्रीआधी सरकारी पोर्टलवर नोंदवणं कंपन्यांना बंधनकारक आहे. आपण असा एसएमएस 14422 ला पाठवायचा:

```
KYM 490154203237518
```

अर्थात आकडा आपल्या फोनचा टाकायचा. हेच काम ‘संचार साथी’च्या संकेतस्थळावर किंवा अ‍ॅपवरही होतं. उत्तरात ब्रँड आणि मॉडेलचं नाव येतं. ते नीट वाचायचं, नुसतं ‘valid’ बघून सुटकेचा श्वास सोडायचा नाही. खोक्यावर महागडा फ्लॅगशिप आणि उत्तरात कुठलातरी साधा कीपॅडचा फोन, असं झालं तर फोन लगेच परत. आकडा काळ्या यादीत आहे, डुप्लिकेट आहे किंवा आधीपासून वापरात आहे असं आलं, तरी तेच.

खरी अडचण पुढे आहे. समजा नकलाकारानं दुकानातल्या एखाद्या खऱ्या फोनच्या खोक्याचा फोटो काढला आणि त्यावरचा आकडा आपल्या शंभर फोनांत भरला. आता गणितही बरोबर, नोंदही बरोबर, मॉडेलही बरोबर. चोरीच्या गाडीला दुसऱ्याच्या गाडीची नंबरप्लेट लावल्यासारखं हे आहे. आरटीओच्या नोंदीत नंबर खराच सापडणार. हे काल्पनिक नाही. २०२० मध्ये मेरठ पोलिसांना एकाच आयएमईआयवर तेरा हजारांहून अधिक फोन चालू असल्याचं आढळलं होतं. थोडक्यात, आयएमईआयची तपासणी ‘असा एक फोन जगात आहे’ एवढं सांगते. तुमच्या हातातला तोच आहे का, हे सांगत नाही. इथे एकच उपाय थोडा कामाला येतो. कंपनीच्या संकेतस्थळावर वॉरंटी तपासायची. नव्या कोऱ्या म्हणून आलेल्या फोनची वॉरंटी आठ महिन्यांपूर्वीच सुरू झालेली दिसली, तर आकडा दुसऱ्याचा आहे किंवा फोन वापरलेला आहे.

मग लोक सेटिंग्जमध्ये जाऊन About phone उघडतात. तिथे मॉडेल, रॅम, स्टोरेज, अँड्रॉइडची आवृत्ती सगळं लिहिलेलं असतं. ‘लिहिलेलं’ हाच शब्द इथे योग्य आहे. हा पडदा फोनचं मोजमाप करत नाही, त्यातला बराचसा मजकूर एका साध्या फाइलमधून उचलला जातो. त्यातल्या ओळी अशा असतात:

```
ro.product.model=SM-S918B
ro.build.version.release=13
```

SM-S918B म्हणजे सॅमसंग गॅलेक्सी एस२३ अल्ट्रा. फोनची सिस्टीम स्वतः तयार करणाऱ्याला ही ओळ कुठल्याही स्वस्त फोनात टाकता येते. रॅमचा आकडाही सेटिंग्जच्या अ‍ॅपमध्ये ठोकून बसवता येतो. माहिती दाखवणारी बाहेरची अ‍ॅप्ससुद्धा काही गोष्टी याच फाइलमधून वाचतात, त्यामुळे तीही फसतात.

आता याच एस२३ अल्ट्राची नक्कल हातात आहे असं धरू. दावा १२ जीबी रॅम, २५६ जीबी स्टोरेज, ५जी. स्वस्तातल्या नकलांमध्ये वारंवार सापडलेली एक चिप म्हणजे मीडियाटेकची एमटी६५८०. ती फार जुनी आहे आणि तिला ४जीसुद्धा येत नाही, तिची धाव ३जीपर्यंतच. About phone काहीही म्हणो, नेटवर्कच्या लहरी पकडणारा फोनमधला रेडिओ खोटं बोलू शकत नाही. घरातलं जिओचं सिम त्यात घाला. जिओचं जाळं सुरुवातीपासून ४जीचं, २जी-३जी त्यांच्याकडे नाहीच. त्यामुळे या फोनला नेटवर्क मिळणारच नाही. एअरटेलचं सिम घातलं तर आणखी गंमत होते. वर ‘5G’चं चित्र दिसतं, पण एअरटेलनं ३जी बंद केल्यामुळे फोन २जीवर जाऊन बसतो आणि एक साधं पान उघडायला घाम काढतो. चित्र रंगवणं सोपं असतं, लहरी पकडायला चिपच लागते. नकलेत ४जीची चिप असेल तर मात्र ती या परीक्षेत पास होते, म्हणून इथेच थांबायचं नाही.

एक स्क्रीनशॉट काढा आणि गॅलरीत त्याचा तपशील बघा. स्क्रीनशॉट म्हणजे पडद्यावरच्या पिक्सेलांची जशीच्या तशी प्रत. एस२३ अल्ट्रा कारखान्यातून १०८० × २३१६ वर लावलेला येतो आणि सेटिंग्जमधून १४४० × ३०८८ करता येतो. तुमच्याकडे सेटिंग्ज न बदलता रुंदी ७२० किंवा त्याहून कमी आली, तर काच तेवढीच आहे. आणि या मॉडेलच्या पेनाची तर खासच परीक्षा आहे. खऱ्या फोनच्या पडद्याखाली पेन ओळखणारा वेगळा थर असतो. पेनाचं टोक काचेपासून थोडं वर, न टेकवता धरलं की पडद्यावर ठिपका उमटतो आणि पेनाबरोबर सरकतो. नकलेतला पेन म्हणजे बोटाऐवजी वापरायची काडी असते. टेकवल्याशिवाय ती काहीच करत नाही. दारात उभ्या उभ्या होणाऱ्या परीक्षांत मला हीच सगळ्यात आवडते, कारण तिला ना नेट लागतं ना अ‍ॅप.

रॅमचं खरं माप बघायचं तर लॅपटॉप लागतो. फोनवर यूएसबी डिबगिंग सुरू करून एडीबीनं, म्हणजे लॅपटॉपवरून फोनला आज्ञा देणाऱ्या साधनानं, विचारायचं:

```
adb shell cat /proc/meminfo
```

पहिली ओळ MemTotal. ही माहिती त्या क्षणी कर्नलकडून, म्हणजे सिस्टीमच्या गाभ्याकडून येते, ती बदलायला कर्नललाच हात घालावा लागतो. बनवणारा सहसा एवढे कष्ट घेत नाही. १२ जीबीच्या फोनवर हा आकडा एक कोटी दहा लाख केबीच्या आसपास असायला हवा. दहा लाखांच्या घरात आला, तर रॅम एक जीबी आहे. स्टोरेजसाठी लॅपटॉपवरून तीसेक जीबीच्या फिल्मा भरा आणि पहिली आणि शेवटची दोन्ही लावून बघा. आत जागा ८-१६ जीबीच असेल तर कॉपी मध्येच अडकते, किंवा पूर्ण झाल्यासारखी दिसते आणि फाइल उघडत नाही.

बनावट नसलेल्या फोनांतही एक फसवाफसवी चालते. जाहिरातीत ‘१६ जीबी रॅम’, बारीक अक्षरात ‘८+८’. हे दुसरे आठ म्हणजे स्टोरेजचा एक तुकडा रॅमसारखा वापरायची सोय. स्टोरेजचा वेग रॅमच्या कैक पट कमी असतो, त्यामुळे मागे ठेवलेली अ‍ॅप्स थोडी जास्त वेळ टिकतात इतकाच त्याचा उपयोग. फोनची किंमत ठरवताना पहिले आठच मोजायचे.

दारात वेळ कमी असतो, म्हणून क्रम महत्त्वाचा. “दादा, दोन मिनिटं थांबा, उघडून बघतो,” असं म्हणायला संकोच करू नका. ओपन बॉक्स डिलिव्हरी मिळत असेल तर ऑर्डर देतानाच तीच निवडा. खोकं उघडण्याआधीपासून, वरचं लेबल दिसेल असा सलग व्हिडिओ घरातल्या कुणालातरी काढायला सांगा. `*#06#`, एसएमएसचं उत्तर, स्क्रीनशॉट, पेन, सिम एवढं दारातच होतं. यातलं एकही खटकलं तर ओटीपी सांगू नका, पार्सल तिथूनच परत पाठवा. लॅपटॉपच्या परीक्षा त्याच संध्याकाळी उरकायच्या, कारण बदलून देण्याची मुदत फोन हातात पडल्यापासून मोजली जाते. विक्रेता दाद देत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर 1915. तक्रारीत ‘फोन डुप्लिकेट वाटतो’ असं लिहू नका. ‘About phone मध्ये १२ जीबी, MemTotal दहा लाख केबी’ असं लिहा आणि दोन्ही पडद्यांचे फोटो जोडा.