३६० की ३६५? व्याजाची नोंद तपासताना

बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसीत माल निर्यात करणाऱ्या कारखान्याकडे बहुधा दोन प्रकारची कर्जं असतात. एक रुपयातलं डिमांड लोन, दुसरं डॉलरमधलं पॅकिंग क्रेडिट. रुपयाच्या कर्जावर वर्ष ३६५ दिवसांचं धरतात. डॉलर आणि युरोच्या बाजाराचा रिवाज ३६०चा आहे (पौंडाचा मात्र ३६५चाच). म्हणून १ लाख डॉलरवर ६ टक्क्यांनी ९० दिवसांचं व्याज १,५०० डॉलर लागलं, तर त्यात बँकेची चूक नाही. ३६५ने ते १,४७९.४५ आलं असतं, पण बँकेशी भांडायची जागा ती नव्हे.

भांडायचं कुठे, ते रुपयाच्या खात्यात कळतं. समजा, ५० लाखांचं कर्ज, दर १० टक्के, जानेवारीभर मुद्दल जसंच्या तसं. दिवस ३१. ३६५ने व्याज ४२,४६६ रुपये, ३६०ने ४३,०५६. महिन्याचा फरक ५९० रुपयांचा, तो कुणाच्या डोळ्यांत भरत नाही. वर्षाला तो ६,९४४ होतो, म्हणजे १० टक्क्यांचा दर प्रत्यक्षात १०.१४ पडतो.

उताऱ्यावर भाजक छापलेला नसतो, तो उलटा काढावा लागतो:

```
भाजक = मुद्दल × दर × दिवस ÷ लावलेलं व्याज
```

५० लाख × ०.१० × ३१ ÷ ४३,०५६ केलं की ३६० येतात. मग मंजुरीपत्र उघडा. तिथे ३६५ लिहिलं असेल, तर हा हिशेब लेखी मागणीसोबत जोडायचा. ३६० लिहिलं असेल, तर सही तुमचीच आहे. पुढच्या नूतनीकरणाला बोला. उत्तर ३५४च्या आसपास आलं तर भाजकाला दोष देऊ नका. बहुतेक वेळा पहिला आणि शेवटचा असे दोन्ही दिवस मोजलेले असतात: ३१च्या जागी ३२. व्याजदर महिन्याच्या मध्येच बदलला असेल, तर मात्र दोन तुकडे करूनच मोजा, नाहीतर उत्तर भलतंच येईल.

आता खरी गफलत. मंजुरीपत्रात नुसतं ‘३६०’ असेल, तर त्याचे दोन अर्थ होतात. एकात दिवस खरे मोजतात आणि भागतात ३६०ने. दुसऱ्यात प्रत्येक महिनाच ३० दिवसांचा धरतात. दुसऱ्या पद्धतीत वर्षाचं व्याज बरोबर ५ लाखच होतं, जादा काही जात नाही. दोन्ही ओळखायला २८ दिवसांचा फेब्रुवारी पाहावा. पहिल्या पद्धतीत व्याज ३८,८८९, दुसऱ्यात ४१,६६७. फेब्रुवारीचा आकडा जानेवारीइतकाच दिसला, तर समजावं की महिने तीसचे धरलेत, आणि तक्रारीचा कागद लिहायची गरज नाही.